दवाखान्याच्या पिशवीतले कोणते कागद हवेत

पुणे, जून 2025

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल कॉलेजात जाऊन आले. ऑफिसातल्या बाईंनी जुनं रेकॉर्ड काढून पाहिलं. माझं नाव आणि विद्यापीठाचा पीआरएन नंबर अजून तसाच आहे. बाबा, मध्यंतरी तुम्ही दाखला काढून आणायला निघाला होतात, ते राहिलं हे फार बरं झालं. दाखला काढला असता तर मी त्यांच्या लेखी बाहेरची विद्यार्थिनी झाले असते. आता त्याच कॉलेजात, त्याच नंबरावर तृतीय वर्षाला पुन्हा प्रवेश मागायचा आहे. पहिल्या चार सेमिस्टरचे निकाल जमेला आहेत. पाचवं मात्र पहिल्यापासून करावं लागेल, कारण तेव्हा आजारपणामुळे हजेरी भरली नव्हती आणि परीक्षाही दिली नव्हती.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, अजून एक वर्ष विश्रांती घे, पुढच्या जूनला बघू. तुमची काळजी मला कळते. पण यंदाच का, ते सांगते. आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत 2024 पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाला लागू झाला. त्याच्या आदल्या वर्षी आलेली मुलं यंदा तृतीय वर्षाला आहेत आणि जुन्या अभ्यासक्रमाची ती शेवटची बॅच आहे. म्हणजे मला शिकायचे तेच विषय, तीच प्रॅक्टिकल्स वर्गात शिकवली जाण्याचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी गेले तर कुठला जुना विषय कुठल्या नव्या विषयाच्या बदल्यात धरायचा, इथपासून सुरुवात होईल. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनेप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला वरची दोन वर्षं मिळतात आणि अपवाद म्हणून आणखी एक. मी 2021 ला प्रवेश घेतला, म्हणजे पाच वर्षं 2026 ला भरतात. अपवादाचं वर्ष हाताशी राहू दे, आत्ताच खर्ची नको.

आता कागदांचं. आई, दवाखान्याची ती सगळी पिशवी पाठवू नकोस. अर्ज वाचणारा माणूस दोनच गोष्टी बघतो: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मी येऊ शकत नव्हते, आणि आता येऊ शकते का. आजारी होते याचा कागद आणि आता बरी आहे याचा कागद हे दोन वेगळे आहेत, आणि बहुतेकांच्या अर्जात दुसराच नसतो.

तारखांमध्ये आपल्याकडे एक भोक आहे. मी 2023 च्या गणपतीत घरी आले ती परत गेलेच नाही. पण मणक्याचा टीबी असल्याचं निदान झालं नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमारास. मधले दोन महिने आपण पाठदुखी म्हणूनच औषधं घेत होतो. एक्स-रे काढला तो व्यवस्थित आला, कारण मणक्यातला टीबी सुरुवातीला एक्स-रेवर दिसत नाही. तो दिसला एमआरआयमध्ये आणि नक्की झाला सुईने काढलेल्या नमुन्याच्या तपासणीत. कॉलेजच्या दृष्टीने मात्र सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे दोन महिने गैरहजेरीचेच, त्यांना पुरावा नाही. म्हणून गावातल्या डॉक्टरांचा तो पिवळट केसपेपर हवा, ज्यावर ताप आणि पाठदुखी लिहून खाली तारीख आहे. तो नुसती चिठ्ठी वाटतो, पण माझ्या अर्जाची सुरुवात तिथूनच होते. त्याच्यासोबत एक्स-रेचा रिपोर्ट ठेव, फिल्म नको.

त्यापुढे एमआरआयचा रिपोर्ट, नमुना काढायला ॲडमिट केलं होतं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड आणि सरकारी केंद्रातलं उपचाराचं कार्ड. त्या कार्डावर निक्षय नंबर आहे, औषध सुरू झाल्याची तारीख आहे आणि यंदाच्या मे महिन्यात बंद झाल्याची. अठरा महिन्यांचा सगळा काळ त्या एका कागदात येतो, बाकीच्या चिठ्ठ्यांची गरजच राहत नाही. आई, कार्डावर शेवटी ‘बरी झाली’ असं न लिहिता ‘उपचार पूर्ण’ लिहिलंय म्हणून तू घाबरली होतीस. फुप्फुसाच्या टीबीत शेवटी थुंकी पुन्हा तपासून जंतू नाहीत हे दाखवता येतं, तेव्हा ‘बरा’ लिहितात. मणक्यातून पुन्हा नमुना कोण काढणार? म्हणून आमच्यासारख्यांना ‘उपचार पूर्ण’. त्यात काही कमी नाही.

एक काम जपून कर. पिशवीत रक्ताचे बरेच रिपोर्ट आहेत. टीबीच्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही आणि साखरेची तपासणी होते, ते कागदही त्यात आहेत. कॉलेजचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ते बाजूला काढून घरीच ठेव. बिलंही नकोत.

तुझं म्हणणं होतं की अर्जात नुसतं ‘पाठीचं दुखणं’ लिहावं, टीबीचं नाव चारचौघांत जायला नको. आई, मी खूप विचार केला. डिस्चार्ज कार्डावर नाव स्पष्ट आहे. अर्जात एक आणि जोडलेल्या कागदात दुसरं असलं तर पूर्ण फाईलवरच शंका येते. आणि एवढ्या महिन्यांची गैरहजेरी पाठदुखीने कुणाला पटणार? मी नाव लिहिणार आहे. त्याऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या फिटनेस सर्टिफिकेटमध्ये हे स्पष्ट यावं: आजार मणक्याचा होता, फुप्फुसात नव्हता, दुसऱ्याला लागण होण्याचा धोका नाही, आणि मी वर्गात व प्रयोगशाळेत नियमित बसू शकते. खाली डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर, सही, शिक्का आणि जूनमधली तारीख. बाबा, नुसतं ‘फिट’ लिहिलेलं घेऊन येऊ नका. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तास-तास उभं राहावं लागतं, म्हणून मध्ये बसायला स्टूल मिळावं एवढंही त्यांनी त्यातच लिहिलं तर मला वेगळं सांगत बसावं लागणार नाही.

अर्जाचा मुख्य भाग असा लिहिला आहे:

“मी 2023-24 मध्ये तृतीय वर्ष रसायनशास्त्राला प्रवेश घेतला होता. सप्टेंबर 2023 पासून आजारामुळे उपस्थित राहू शकले नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये मणक्याच्या क्षयरोगाचे निदान झाले व मे 2025 मध्ये उपचार पूर्ण झाले. या काळात मी अन्यत्र कोठेही प्रवेश घेतलेला नाही. तरी 2025-26 साठी त्याच पीआरएन क्रमांकावर तृतीय वर्षास पुनर्प्रवेश मिळावा, ही विनंती.”

एवढंच. वाईट दिवसांचं वर्णन घातलं नाही, कारण ते जोडलेल्या कागदांत आहेच. मध्ये कुठे शिकले नाही याचं गॅपचं प्रतिज्ञापत्र मी इथे करून घेते. अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेणार आहे. प्राचार्यांनी प्रकरण विद्यापीठाकडे पाठवलं तर तो नंबरच विचारायला उपयोगी पडतो. बाबा, तुमच्या ओळखीच्या साहेबांना सध्या फोन करू नका. अर्ज अडला तर मी स्वतःच सांगेन.

आधी सगळ्या कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, चारही कोपरे दिसतील असे, म्हणजे काय कमी आहे ते मला कळेल. मूळ कागद कुरिअरने नको. दादा रविवारी येतोय, त्याच्याकडे द्या. आई, गोळ्या संपल्या तरी डॉक्टरांनी सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय, ती तारीख मी लिहून ठेवली आहे. मावशीकडे जेवण वेळेवर होतं.

तुमची,
मनू