बैलाच्या नावाने पैसे ठेवता येत नाहीत

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आप्पा, मृत्युपत्रात बैलाचं कशाला लिहिताय? मी आहे ना, बघेन मी." तू बघशील यात शंका नाही. पण तू पुण्यात, बैल सांगोल्याला. मी गेल्यावर दहाव्यापर्यंत घरात माणसं असतील, वैरण कुणीतरी टाकेल. पुढे काय? तू चुलत्यांना फोन करशील, ते हो म्हणतील, आणि दोन महिन्यांनी दावण मोकळी दिसेल. कुणाला विचारलंस तर "पाहुण्यांकडं धाडलाय" असं उत्तर मिळेल. म्हाताऱ्या बैलाला पाहुणे कोण असतात ते आपल्या भागात सगळ्यांना कळतं. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे थकलेल्या बैलाला उघड बाजारात गिऱ्हाईक राहिलं नाही. त्याची किंमत शून्य झाली, खाणं मात्र होतं तेवढंच आहे. म्हणूनच हे कागदावर आणायचं ठरवलं. काय लिहितोय आणि तसंच का, ते तुला आधी सांगतो, कारण अंमल तुलाच करायचा आहे.

पहिली गोष्ट, बैलाला मी काही देऊ शकत नाही. कायद्याच्या नजरेत तो जंगम मालमत्ता आहे, आपल्या पाण्याच्या मोटारीसारखा. मालमत्तेला मालमत्ता मिळत नाही. "माझे पाच लाख माझ्या बैलाला" असं लिहिलं तर ते वाक्य फुकट जाईल. ट्रस्ट करावा म्हटलं, तर १८८२च्या कायद्यात लाभार्थी असा लागतो की जो मालमत्ता धारण करू शकेल, आणि पैसे मिळाले नाहीत तर बैल काही दिवाणी कोर्टात जायचा नाही. म्हणून पैसे माणसालाच द्यावे लागतात. मात्र ते अशा रीतीने द्यायचे, की बैल जगला तरच त्या माणसाला मिळत राहतील.

इथं आपल्याकडचे लोक सर्रास फसतात. ते लिहितात, "अमक्याला पाच लाख देतो, त्याने ते माझ्या गाईसाठी खर्च करावेत." वाचायला छान वाटतं. पण भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याचं १३८वं कलम वकिलांनी मला वाचून दाखवलं. एखाद्याला रक्कम पूर्णपणे देऊन टाकली आणि पुढे ती अमुक रीतीने वापरावी अशी सूचना जोडली, तर ती सूचना लिहिलीच नव्हती असं धरून त्याला रक्कम मिळते. म्हणजे गाय उपाशी राहिली तरी पैसे त्याचेच. तेव्हा एकरकमी द्यायचं नाही, हे माझं पक्कं झालं.

रतन टाटांच्या मृत्युपत्राच्या बातम्या तू वाचल्या असशील. पाळीव जनावरांसाठी १२ लाख बाजूला, प्रत्येकाला दर तिमाही ३० हजार, आणि टिटो हा कुत्रा त्यांच्या जुन्या स्वयंपाक्याकडे, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. लोक आकड्याबद्दल बोलले, मी "तिमाही" या शब्दाशी थांबलो. त्यातून जुनी पद्धत डोकावते. १८४२ साली इंग्लंडमध्ये एका गृहस्थाने आपल्या काळ्या घोडीसाठी वर्षाला ५० पौंड लिहून ठेवले होते. घोडी कोर्टात येणार नाही हे तिथल्या न्यायाधीशालाही ठाऊक होतं. पण मृत्युपत्राचा अंमल करणारा सांभाळायला तयार होता, आणि त्याने घोडीची हेळसांड केली तर उरलेल्या इस्टेटीत ज्यांचा हक्क आहे त्यांनी कोर्टात यावं, असं न्यायाधीशाने ठरवून दिलं. म्हणजे जनावराच्या वतीने लक्ष ठेवणारा कुणीतरी हवा, आणि त्याला लक्ष ठेवण्यात स्वतःचा फायदाही हवा. हे मला फार पटलं.

त्यावरून मी तीन माणसं वेगवेगळी ठेवली आहेत. बैलाची मालकी तुझ्याकडे, आणि व्यवस्थापक म्हणून पैसाही तुझ्या हातात. मालकी सांभाळणाऱ्याला दिली तर तो बैल विकू शकतो, म्हणून ती तुझी. सांभाळ आपल्या वाटेकऱ्याकडे. त्याला विचारलं आहे, बायकोसमोर विचारलं, कारण वैरण टाकायचं काम शेवटी तिच्याच वाट्याला येतं. ती हो म्हणाली तेव्हाच मी पुढे गेलो. आणि बैल गेल्यावर जे उरेल ते गावच्या वाचनालयाला.

वाचनालयाला का, याचं तुला हसू येईल. उरलेलं वाटेकऱ्याला ठेवलं असतं तर बैल लवकर मेलेला त्याच्या फायद्याचा. तुला ठेवलं असतं तर तुझ्या फायद्याचा. तुझ्यावर अविश्वास नाही गं, पण हा कागद मी नसताना वाचला जाणार, आणि भावकीच्या तोंडाला कुलूप नाही. वाचनालयाची मंडळी बैलाला हात लावू शकत नाहीत. पण मेलेल्या बैलाच्या नावावर पैसे जात असतील तर ओरडतील मात्र नक्की. त्यांच्या कार्यकारिणीतले निम्मे लोक रोज आपल्या गोठ्यावरून जातात. त्यांना मृत्युपत्राची प्रत मिळेल.

आता रकमेचं. बैल तेरा वर्षांचा आहे. नीट ठेवला तर विशीपर्यंत जाईल, म्हणून सात वर्षं धरली. कामावर नाही, तेव्हा दिवसाला कडब्याच्या चार पेंढ्या पुरतात. महिन्याला १२० झाल्या, शेकडा २,००० रुपये भावाने २,४००. सरकी पेंड रोज किलोभर, ९०० रुपये. मीठ, खनिज मिश्रण, जंताचं औषध, खूर कापणं, कधी डॉक्टर, असे सरासरी ४००. वाटेकऱ्याच्या कष्टाचे १,८००. शेणखत त्याचंच आणि बांधावरचं हिरवं गवतही त्याला मोकळं, म्हणून एवढ्यात तो राजी झाला. एकूण महिना ५,५००, तिमाही १६,५००. सात वर्षांच्या २८ तिमाह्यांचे ४,६२,००० होतात. मी पाच लाखांची वेगळी मुदत ठेव केली आहे, माझ्या स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून, वडिलोपार्जित जमिनीशी तिचा संबंध नाही. वरचे ३८,००० दुष्काळासाठी आणि शेवटी खड्डा खणायला जेसीबी बोलवावा लागेल त्यासाठी. वैरण महाग होत जाईल, ती वाढ ठेवीच्या व्याजातून भागेल असा हिशेब आहे. पण आपल्या भागात पाऊस गेला की कडबा एका हंगामात दुप्पट होतो. अशा वर्षी तिमाही रक्कम दीडपटीपर्यंत वाढवायचा अधिकार तुला दिला आहे. तो वापरताना हात आखडू नकोस.

कलमाचा मसुदा असा आहे: "माझा खिलार बैल, वर्णन व कानातील बिल्ल्याचा क्रमांक सोबतच्या यादीप्रमाणे, मी माझ्या मुलीस देतो. सदर बैल हयात असेपर्यंत व वाटेकऱ्याच्या प्रत्यक्ष सांभाळात असेपर्यंत, परंतु माझ्या मृत्यूपासून कमाल दहा वर्षे, व्यवस्थापकाने सदर ठेवीतून वाटेकऱ्यास दर तिमाहीस रुपये १६,५०० द्यावेत. बैल मेल्यास, विकल्यास अथवा सांभाळ सुटल्यास त्या दिवसापासून त्याचा हक्क संपेल." सांभाळ सुटला तर दुसरा माणूस नेमण्याचा अधिकार तुला आहे, आणि तोही न मिळाल्यास बैल व तिमाही रक्कम पांजरपोळाकडे जाईल. दहा वर्षांची मर्यादा मुद्दाम घातली. पैसा बेमुदत अडकवून ठेवणं कायद्याला चालत नाही, आणि ती मुदत माणसाच्या आयुष्यावर मोजतात, जनावराच्या नाही.

बिल्ला का, तर पांढरा खिलार दुसऱ्या पांढऱ्या खिलारासारखाच दिसतो. एक मेला आणि त्या जागी दुसरा बांधला तर पुण्याहून आलेल्या माणसाला कळणार नाही. त्याच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे आहेत. डाव्या शिंगाच्या बुडाशी जुनी चीर आहे, तीही यादीत लिहिली. बिल्ला तुटून पडतो कधीकधी. पडला तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून नवा मारून नोंद बदलून घ्यायची.

तिमाहीचे पैसे देण्याआधी एकदा स्वतः ये. फोटो मागवू नकोस, फोटोत बैल नेहमी धष्टपुष्टच दिसतो. आलीस की आधी शेण बघ. त्यात कडब्याचे लांब तुकडे तसेच दिसले तर चावणं होत नाही, दात झिजलेत. मग अख्खी पेंढी टाकून उपयोग नाही, निम्मी गव्हाणीत राहते. कुट्टी करून द्यायला सांग, त्याचे वेगळे पैसे दे. खूर पुढे वाढून वळले असतील तर तो दिवसेंदिवस जागचा हलवलेला नाही. कासऱ्याखाली मानेला जखम, कानाच्या मुळाशी गोचीड, हेही हात लावून बघ. बरगड्या थोड्या दिसतातच म्हाताऱ्या जनावराच्या, त्यावरून वाटेकऱ्याशी भांडू नकोस. बसलेला बैल उठेनासा झाला तर पुढचं डॉक्टरांनी आणि तू मिळून ठरवायचं, त्याच्या एकट्यावर सोडायचं नाही. तेही लिहिलं आहे.

मृत्युपत्र अमलात यायला वेळ लागतो आणि बैल त्याच संध्याकाळी खाणार. म्हणून बँकेत तुझ्या-माझ्या नावाने, दोघांपैकी कुणालाही किंवा हयात असेल त्याला पैसे काढता येतील असं एक बचत खातं उघडतो आहे. त्यात सहा महिन्यांचे ३३,००० राहतील. ठेवीवर नामनिर्देशन तुझं करतो, पण लक्षात ठेव, नामनिर्देशन म्हणजे पैसे ताब्यात घेण्याची सोय. त्यांचा विनियोग मृत्युपत्राप्रमाणेच.

साक्षीला माझे दोन जुने सहकारी शिक्षक येणार आहेत, दोघंही माझ्याहून तरुण. वाटेकऱ्याला साक्षीदार करत नाही, ज्याला मिळणार त्याने सही करू नये. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही आणि मुद्रांक शुल्कही लागत नाही, तरी नोंदवतो. डॉक्टरांचा दाखलाही जोडतो, नाहीतर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणून बैलाला पाच लाख दिले, असं म्हणायला कुणी मागं राहणार नाही.

तुझ्या पॅन आणि आधारच्या प्रती, दोन फोटो आणि सहीचा नमुना या आठवड्यात पाठव, खातं त्याशिवाय उघडत नाही. आणि मसुद्यात वाटेकऱ्याच्या मुलाचं नाव दुसरा सांभाळणारा म्हणून घालावं का, यावर मला तुझं मत हवं आहे. पोरगा कामाचा आहे, पण सैन्यभरतीच्या मागे लागलाय.

तुझे,
आप्पा