तीन एसपीडी बसवले म्हणजे काम झाले?

महोदय,

व्यापारी इमारतींच्या सर्ज संरक्षणावरचा आपला कालचा लेख वाचला आणि राहवेना म्हणून लिहीत आहे. लेखकाने मेन पॅनेल, सब-पॅनेल आणि शेवटचा डीबी म्हणजे वितरण बॉक्स अशा तिन्ही ठिकाणी एसपीडी, म्हणजे विजेची क्षणिक लाट जमिनीकडे वळवणारी संरक्षक उपकरणे, बसवायला सांगितले, इथवर ठीक. पण त्या तिघांचे आपसात जमते का, याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. मुळात खर्च वाया जातो तो तिथेच.

मी ज्या कार्यालयीन इमारतीची विद्युत देखभाल पाहत होतो, तिथे लेखात सांगितल्याप्रमाणेच सगळे होते. मेन पॅनेलला थेट विजेचा भार झेलणारा टाइप १, सब-पॅनेलला उरलेली लाट दाबणारा टाइप २. तरीही प्रत्येक पावसाळ्यात सब-पॅनेलच्या एसपीडीची कार्ट्रिज जळायची. कंत्राटदार यायचा, नवीन कार्ट्रिज घालायचा, बिल लावायचा. मेनच्या एसपीडीची खिडकी मात्र कायम हिरवी. तो तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "साहेब, मेनचं उत्तम चाललंय." हिरवी खिडकी एवढेच सांगते की आतला भाग निकामी झालेला नाही. त्याने काम केले की नाही, हे तिला माहीत नसते. मेनच्या एसपीडीच्या अर्थ वायरवर काउंटर बसवल्यावर उलगडा झाला: खाली कार्ट्रिज जळाली, तरी वर काउंटर शून्यावरच.

कारण साधे होते. मेनला जुन्या पद्धतीचा स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगी पडल्यावरच प्रवाह सोडणारी फट, होती. त्याच्या दोन टोकांत सुमारे ४ किलोव्होल्ट आल्याशिवाय तो पेटत नाही. खालच्या एसपीडीतला व्हॅरिस्टर, म्हणजे व्होल्टेज वाढताच प्रवाह वाहू देणारा घटक, त्याच्या बराच आधी वाहू लागतो आणि व्होल्टेज दीड किलोव्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. सब-पॅनेल त्याच खोलीत, जेमतेम २ मीटर केबलवर. केबलचे इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअर वेगाने चढला तर २ मीटरमध्ये २ किलोव्होल्ट पडतात. त्यात व्हॅरिस्टरचे दीड मिळवा. स्पार्क गॅपवर साडेतीन आले, चार नाहीत. म्हणजे तो पेटतच नाही आणि विजेचा सगळा भार व्हॅरिस्टर सोसतो. व्हॅरिस्टर बनवलेला असतो ८/२० च्या, म्हणजे ८ मायक्रोसेकंदांत शिखर गाठून २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणाऱ्या छोट्या लाटेसाठी. थेट विजेची १०/३५० ची लांब शेपटीची लाट तितक्याच शिखरालाही कितीतरी पट ऊर्जा आणते. त्याने जळू नये तर काय करावे?

यावर "मध्ये १० मीटर केबल ठेवा" हा नियम सांगितला जातो. वेगाने चढणाऱ्या लाटेला तो चालतो. पण मायक्रोसेकंदाला ०.१ किलोअँपिअर अशी मंद लाट आली, तर १० मीटरवरही जेमतेम १ किलोव्होल्ट पडतो, बेरीज अडीचच होते आणि गॅप पुन्हा गप्प बसतो. केबलऐवजी डीकपलिंग कॉइल घालता येते, पण तिच्यातून फीडरचा पूर्ण लोड जातो. मोठ्या फीडरला ती परवडत नाही आणि मावतही नाही. आम्ही शेवटी मेनला ट्रिगर असलेला, दीड किलोव्होल्ट पातळीचा गॅप बसवला. मेन आणि सब दोन्ही एकाच उत्पादकाचे घेतले, कारण ही जोडी अंतराशिवाय चालते असे तो कॅटलॉगमध्ये लिहून देत होता. ते लेखी नसेल तर कुठल्याही दोन कंपन्यांचे डबे एकमेकांशेजारी लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर काउंटर वरच्याच एसपीडीवर चढू लागला आणि खालची कार्ट्रिज टिकली.

शेवटच्या डीबीबद्दलही लेखात घाई झाली आहे. सब-पॅनेलपासून उपकरण १० मीटरपेक्षा लांब असेल, तर केबलमधल्या दोलनांमुळे तिथले व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होऊ शकते. म्हणून शेवटच्या टप्प्याचा टाइप ३ एसपीडी उपकरणाजवळ हवा. सब-पॅनेलशेजारच्या डीबीत तो लावून उपयोग नाही.

आणि लेखासोबतचा तो फोटो! एसपीडीला फेजची वायर वरून गोल वेटोळे घालून आणली आहे आणि अर्थची वायर पॅनेलला वळसा घालून खालच्या पट्टीपर्यंत नेली आहे. दोन्ही मिळून दीड मीटर सहज होतील. वरच्याच हिशेबाने दीड किलोव्होल्टच्या एसपीडीमागे उपकरणाला ३ मिळतात आणि साधी कार्यालयीन उपकरणे अडीचपर्यंतच सोसतात. दोन्ही वायरींची मिळून लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी, असे आंतरराष्ट्रीय मानकच सांगते. वायरमन मंडळी मजकूर सोडून फोटो बघतात आणि तसेच काम करतात. कृपया पुढच्या अंकात तो फोटो चुकीच्या जोडणीचा आहे, असे छापावे.

आपला,
एक निवृत्त देखभाल अभियंता