खाली उतरण्याआधी

प्रिय अमेय,

जॉइनिंग लेटर आलं हे आईने सांगितलं, बल्क कॅरियर आहे आणि कोळसा भरणार म्हणे, म्हणून लगेच लिहायला बसलोय. फोनवर तू हो हो म्हणून मोकळा होतोस, हे जपून ठेव आणि जहाजावर परत वाच.

मी बोसन होतो तेव्हापासून मला वादळापेक्षा जास्त भीती बंद जागेची वाटायची. वादळ दिसतं तरी. अँकरची साखळी ठेवायचा चेन लॉकर, बॅलास्ट टँक, डक्ट कील, होल्डमध्ये उतरायचा बंद जिना, यात काहीच दिसत नाही, वासही येत नाही. लोखंड गंजतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन खातं, आणि चेन लॉकरमध्ये ओली साखळी, चिखल आणि बंद झाकण, मग आत काय उरणार? कोळसाही तसाच, होल्ड बंद करून आठवडाभर चाललात की तो ऑक्सिजन खात बसतो, वर मिथेन किंवा कार्बन मोनॉक्साइड सोडतो ते वेगळंच. आणि लक्षात घे, होल्डची हवा शेजारच्या जिन्यातही येते, म्हणजे तू माल असलेल्या जागी गेलाच नाहीस, नुसतं बूबी हॅचचं छोटं झाकण उघडून चार पायऱ्या उतरलास तरी संपलं. बाहेर हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, तो 5-6 टक्क्यांवर आला तर माणूस मिनिटाच्या आत कोसळतो, गुदमरल्यासारखं वाटायलाही वेळ मिळत नाही.

2007 सालची व्हायकिंग इस्लेची गोष्ट तुला पूर्ण सांगतो. हे जहाज नॉर्थ सीमध्ये दुसऱ्यांना वाचवायच्या कामावर होतं, म्हणजे यातली माणसं रेस्क्यूचं ट्रेनिंग घेतलेली. अँकरची साखळी लॉकरमध्ये खडखडत होती, ती बांधायला दोघं पुढे गेले. एक जण आत उतरला आणि पडला. दुसऱ्याने अलार्म दिला, इथपर्यंत बरोबर, पण मग तोही मित्राला काढायला आत गेला आणि पडला. तिसरा ब्रीदिंग अपरेटस घालून आला, पण पाठीवरच्या सिलिंडरसकट तो झाकणातून आत मावेना, तेव्हा त्याने तो काढून ईईबीडी, म्हणजे पळून जायचा श्वासाचा छोटा हूड, डोक्यावर चढवला आणि उतरला. ईईबीडी फक्त आगीतून किंवा धुरातून बाहेर पळायला असतं, आत जायला नाही, काही मिनिटंच पुरतं. आत कुठेतरी तो हूड निघाला आणि तोही गेला. साखळीच्या आवाजापायी तीन माणसं! गंजाने आतला ऑक्सिजन संपलेला होता, एवढंच कारण.

म्हणून कोणी पडलेला दिसला तर तू आत जायचं नाहीस. तो तुझा केबिनमेट असला तरी नाही. अलार्म दे, ब्रिजला कळव आणि दारात उभा राहून पुढच्यालाही अडव, टीम ब्रीदिंग सेट घेऊन येईल. पाय आपोआप आत ओढतात रे, म्हणूनच हे आधी मनात पक्कं करून जा.

आता आत जायची वेळ आली तर काय ते ऐक. आधी जागा उघडून ब्लोअरने नीट हवा खेळू द्यायची, मग मीटरची नळी बाहेरूनच आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी तिन्हीकडे मोजायचं कारण काही गॅस खाली साचतात तर काही वर. ऑक्सिजन 21 च्या जवळ हवा, ज्वलनशील गॅस एलईएलच्या, म्हणजे पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या, 1 टक्क्याखाली, आणि विषारी गॅसचं रीडिंगही बघ. आकडे परमिटवर लिहून चीफ ऑफिसरची सही झाली, दारात एक माणूस रेडिओ घेऊन उभा राहिला, तरच उतरायचं, आणि मीटर अंगावर चालू ठेवून. जेवायला वर आलात तर परत मोजायचं. अजून एक, नेहमीचा चार गॅसचा मीटर फॉस्फिन दाखवत नाही, धान्य भरून फ्युमिगेशन केलं असेल तर वेगळा मीटर लागतो, हे नवीन मुलांना कोणी सांगत नाही.

चुका होतात त्या बहुतेक थकव्यात. रात्रभर मुरिंग, सकाळी होल्ड क्लीनिंग, आणि कोणीतरी म्हणतं दोनच मिनिटांचं काम आहे, परमिट कशाला. नियमाने 24 तासांत 10 तास आणि 7 दिवसांत 77 तास विश्रांती मिळायलाच हवी, तू झोपला नसशील तर रेस्ट अवर शीटवर खोटी सही करू नकोस, आणि खूप पेंग येत असेल तर ड्यूटी ऑफिसरला तोंडावर सांग.

चढल्यावर पहिल्याच आठवड्यात बघ, गॅस मीटर कुठे ठेवलाय, कॅलिब्रेशनची तारीख कधीची आहे, आणि बंद जागेचा रेस्क्यू ड्रिल शेवटचा कधी झाला. दर दोन महिन्यांनी व्हायलाच हवा. हे तिन्ही बघून मला मेसेज कर.

बाबा