अंतराळ स्थानकात किती वाजले?

महोदय,

शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकात होते तेव्हा नातीने विचारले, "आजोबा, तिथे आत्ता किती वाजले?" दर दीड तासाला सूर्योदय, म्हणजे दिवसाला सोळा! पण शरीराची लय चोवीस तासांचीच. सूर्यावर विसंबले तर झोपेचे खोबरे होईल. म्हणून तिथे जागतिक प्रमाणवेळ, यूटीसी पाळतात. ती ह्यूस्टन आणि मॉस्को या नियंत्रण केंद्रांच्या वेळांच्या मधली, दोघांनाही सोयीची. अंतराळवीर सकाळी ६ वाजता उठतात तेव्हा मॉस्कोत ९, ह्यूस्टनमध्ये उन्हाळ्यात रात्रीचा १, आपल्याकडे ११:३०. झोपताना खिडक्या झाकतात. त्याआधी दिव्यांचा निळसर प्रकाशही कमी करतात. वृत्तपत्रांनी अंतराळातल्या बातम्यांत भारतीय वेळेसोबत यूटीसीही छापावी.

— एक वाचक, सातारा