हिराबाई, मतदार यादीतल्या माझ्या नावाबद्दल तुमचे आभार

आदरणीय हिराबाई टाटा,

परवा मतदानाला गेले. यादीत आधी माझं नाव होतं, त्याखाली नवऱ्याचं. बोटाला शाई लावून घेताना तुमची आठवण झाली, म्हणून हे पत्र.

1911 साली तुम्ही मुलीला, मिठनला, घेऊन काश्मीरला सुटीवर गेला होतात. तिथे भेटलेल्या राजकन्या सोफिया दुलीपसिंग यांनी एक छोटा बिल्ला लावला होता : ‘स्त्रियांना मत द्या’. तुम्ही त्याबद्दल विचारलंत आणि त्या बोलण्यातून तुमचं पुढचं आयुष्य बदललं.

डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडूंचं शिष्टमंडळ स्त्रियांसाठी मत मागायला मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. तरीही मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीने नकार दिला. इथल्या रूढी आड येतात, पडद्यातल्या बायका मतदानाला येणार कशा, असं तिचं म्हणणं. मग 1919 मध्ये तुम्ही मायलेकी थेट लंडनला गेलात. पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडलीत, खासदारांच्या भेटी घेतल्यात, सभांतून बोललात. तिथल्या महिला संघटनांना वर्षभरापूर्वीच स्वतःचं मत मिळालं होतं, तेही तिशी ओलांडलेल्यांना आणि अटींसह. त्यांना तुम्ही आपल्या बाजूने ठराव करून सरकारकडे पाठवायला लावलंत. परक्या शहरात हे किती थकवणारं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

लंडनने निर्णय घेतलाच नाही. प्रांतिक कायदेमंडळांवर तो ढकलला. तिथे बसलेले सगळे पुरुष, त्यांना निवडून देणारेही पुरुषच. म्हणजे एकच लढाई प्रांताप्रांतात नव्याने लढायची. मद्रास आणि आपली मुंबई 1921 मध्ये तयार झाली, बंगालने मात्र त्याच वर्षी ठराव फेटाळला आणि 1925 पर्यंत वाट पाहायला लावली.

आणि मत मिळालं म्हणजे तरी कोणाला? घर किंवा जमीन नावावर हवी, सारा किंवा कर भरलेला हवा. आपल्याकडे सातबारावर बाईचं नाव किती घरांत असायचं! 1935 च्या कायद्याने मालमत्ताधारकाच्या बायकोला मत दिलं, म्हणजे तिचा हक्क पुन्हा नवऱ्याच्या मालमत्तेला बांधलेलाच राहिला. सगळ्या प्रौढ स्त्रियांना मत मिळालं ते राज्यघटनेने, 1950 मध्ये. तुम्ही 1941 मध्येच गेलात. बॅरिस्टर झालेल्या मिठनताईंनी मात्र ते पाहिलं.

तुम्हाला आणखी एक सांगायचं आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत असंख्य बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढंच. आयोगाने ते चालवून घेतलं नाही आणि सुमारे 28 लाख नावं गळाली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. माझी आजीसुद्धा आयुष्यभर ‘अमक्यांच्या घरातून’ अशीच ओळख सांगायची. तिचं नाव काशीबाई. मतदानाच्या दिवशी मात्र ते नाव तिला केंद्रावर मोठ्याने पुकारलेलं ऐकू यायचं, आणि ती पदर सावरून पुढे व्हायची.

तिच्या वतीनेही तुमची मनापासून आभारी आहे.

तुमची,
मुंबईतली एक मतदार