आश्रमशाळेच्या सांडपाण्यासाठी देवनळाचे दोन वाफे : खडी, कागद, गड्डे आणि श्रमदानाचे आवाहन

गावकरी, माजी विद्यार्थी आणि हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

जव्हार तालुक्यातल्या आपल्या आश्रमशाळेत १२० मुलंमुली राहतात, शिवाय १० कर्मचारी. आंघोळ, कपडे आणि भांडी मिळून माणशी रोज ४५ लिटर, म्हणजे एकूण जवळपास ६,००० लिटर पाणी न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडते. आज ते उघड्या चरातून नाल्यात जाते. शौचालयाचे पाणी यात नाही, ते सेप्टिक टँकला वेगळे जोडलेले आहे आणि पुढेही वेगळेच राहणार. इकडे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. हे ६,००० लिटर स्वच्छ करून केळी, शेवगा आणि आंब्याच्या कलमांना द्यायचे, असे शाळा व्यवस्थापन समिती आणि गावाच्या पाणी व स्वच्छता समितीने ठरवले आहे.

शोषखड्डा का नको, असे बऱ्याच जणांनी विचारले. चार-पाच माणसांच्या घराला शोषखड्डा पुरतो. १३० माणसांच्या साबणाचा आणि खरकट्याचा थर मात्र खड्ड्याच्या भिंतींवर बसतो, मुरूम पाणी पिणे बंद करतो आणि खड्डा भरून वाहू लागतो. शिवाय उताराच्या खाली विहीर आहे. म्हणून खाली शेततळ्याचा कागद, त्यावर खडी आणि खडीत देवनळ, म्हणजे ओढ्याकाठचे उंच गवत, लावलेला वाफा, ही पद्धत निवडली. पाणी खडीच्या आतून आडवे सरकते, वर दिसत नाही. घाण खाण्याचे काम मुख्यतः खडीवर वाढणारे जिवाणू करतात. नळाची मुळे त्यांना आधार आणि थोडा प्राणवायू देतात. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेले फायटोरिड तंत्रही याच तत्त्वावर चालते.

वाफा किती मोठा हवा, याचा हिशोब उघड मांडतो, म्हणजे जाणकारांना तपासता येईल. टाकीत निवळल्यावर पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातल्या कुजणाऱ्या घाणीचे माप, लिटरला १६० मिलिग्रॅम धरला आहे आणि तो २० वर आणायचा आहे, म्हणजे आठपट कमी. ८ चा नैसर्गिक लॉगरिदम २.०८. त्याला रोजच्या ६ घनमीटरने गुणून घाण कमी होण्याच्या ०.२ या दराने भागले की ६२.४ चौरस मीटर येतात. उन्हाळ्यात हा दर याहून जास्त मिळतो, पण डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीसाठी आणि खडी जुनी होईल तेव्हासाठी तो मुद्दाम कमी धरला आहे. त्यामुळे प्रत्येकी ५ मीटर रुंद आणि ६.५ मीटर लांब असे दोन वाफे करायचे, एकूण ६५ चौरस मीटर. खडीचा थर ६० सेंटिमीटर, त्यात पाणी ५० सेंटिमीटर आणि वरची १० सेंटिमीटर खडी कोरडी. डास होणार नाहीत ते या कोरड्या थरामुळेच. खडीतली पोकळी ३८ टक्के धरली, तर पाणी वाफ्यात साधारण दोन दिवस राहते.

वाफा लांबट नालीसारखा का करत नाही? कारण सगळी घाण पहिल्यांदा तोंडाच्या खडीवर आदळते. ५ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल अशा दोन तोंडांचा छेद ५ चौरस मीटर होतो. रोजचा ९६० ग्रॅम बीओडी त्यावर वाटला तर चौरस मीटरला १९२ ग्रॅम पडतो, आणि आम्ही मर्यादा २५० ची ठेवली आहे. तेच वाफे ३ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब केले असते, तर हा आकडा ३२० झाला असता आणि वर्ष-दोन वर्षांत तोंड तुंबले असते. क्षेत्रफळ तेवढेच, पण रुंदीमुळे आयुष्य वाढते. जागा अरुंद आहे म्हणून नालीसारखा वाफा करण्याचा मोह बऱ्याच ठिकाणी होतो, तो टाळावा.

वाफ्याआधी दोन गोष्टी लागतात, आणि बजेट कमी पडले की नेमक्या त्यांनाच कात्री लागते. पहिली म्हणजे स्वयंपाकघराबाहेर ३०० लिटरचा ग्रीस ट्रॅप. त्यातून पाणी बाहेर जाते ते तळाच्या थोड्या वरून, त्यामुळे वर तरंगणारे तेल मागेच राहते. कढत पाणी ओतले तर तेल विरघळल्यासारखे पुढे जाते आणि थंड झाल्यावर खडीत गोठते, म्हणून भांडी विसळण्याच्या कुंडीत पाणी आधी निवू द्यायचे. दुसरी म्हणजे दोन कप्प्यांची निवळण टाकी, आतून २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि पाण्याची खोली दीड मीटर. सकाळी दोन तासांत अर्धे पाणी येते, म्हणजे ताशी १,५०० लिटर. त्या गर्दीतही टाकीत दोन तास मिळतात. टाकीत जाताना आणि टाकीतून निघताना पाइपाला टी बसवायची, म्हणजे वरचा फेस आणि खालचा गाळ दोन्ही अडतात.

इथे स्वयंपाकघरातल्या ताई-मावशींना एक विनंती. भांडी राख-मातीने घासली तर ती माती आधी टाकीत आणि टाकी भरली की थेट खडीत जाऊन बसते. राख-माती बंद करून नारळाची काथी आणि साबण वापरू. भाताची पेज चरात ओतू नये, ती गुरांना द्यावी. तिची घाण साध्या सांडपाण्याच्या कितीतरी पट असते आणि एक पातेले पेज वाफ्याचा अख्ख्या दिवसाचा हिशोब बिघडवते. न्हाणीघरात ॲसिड आणि फिनेलही नको, जिवाणूच मरतात.

आता खडीविषयी, कारण सर्वात जास्त मदत तिच्यासाठी हवी आहे. मधल्या भागाला १० ते २० एमएमची १२ ब्रास आणि आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या तोंडाशी अर्धा-अर्धा मीटर पट्ट्याला ४० एमएमची सव्वादोन ब्रास लागेल. खडी काळ्या दगडाची आणि धुतलेली हवी. जांभ्याचा तुकडा पाण्यात राहून झिजतो आणि त्याचा चुरा पोकळी भरतो. क्रशरची कच असलेली खडी तर फुकट मिळाली तरी परवडत नाही. ट्रक रिकामा करण्याआधी दोन तपासण्या करू. काचेच्या बरणीत खडी आणि पाणी घालून हलवायचे, पाणी चहासारखे गढूळ झाले तर ती खडी आधी धुवायला हवी. मग १० लिटरची बादली खडीने काठोकाठ भरायची आणि मापाने पाणी ओतायचे. साडेतीन ते चार लिटर मावले तर पोकळी ठीक आहे. तीन लिटरही मावले नाही तर कच जास्त आहे, ट्रक परत.

तळाला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद लागेल. भिंतींवर चढवून कडेला अर्धा मीटर मातीत दाबायचा असल्याने प्रत्येक वाफ्याला साधारण ७० चौरस मीटर, दोन्हींना १४०. कागदाखाली चाळलेली माती किंवा वाळू ५ सेंटिमीटर आणि वर जुनी गोणपाटे, म्हणजे खडी टोचणार नाही. तळाला बाहेरच्या बाजूकडे टक्काभर उतार ठेवू, पण खडीचा वरचा पृष्ठभाग अगदी सपाट हवा. गळती बहुतेक वेळा पाइप कागदातून बाहेर जातो तिथेच होते. तिथे भोक पाइपापेक्षा लहान पाडून कागद पाइपावर ताणायचा आणि क्लॅम्पने आवळायचा. खडी भरण्याआधी वाफ्यात पाणी साठवून दोन दिवस पातळी बघायची. उन्हाने रोज सेंटिमीटरभर उतरणे चालेल, त्याहून जास्त उतरले तर भोक शोधायचे.

बाहेरच्या चेंबरमध्ये ११० एमएमचा एल्बो रबर रिंगवर बसवायचा, सोल्युशनने चिकटवायचा नाही. तो फिरवून वाफ्यातली पातळी वर-खाली करता येते. लागवडीनंतर पातळी वरून ५ सेंटिमीटरवर ठेवायची आणि मुळे धरली की हळूहळू १० वर न्यायची. हा एक एल्बो चिकटवून टाकला, तर पुढे तण मारायला किंवा वाफा सुकवायला काहीच हाती उरत नाही.

वाफा तुंबू लागला हे कसे कळते? तोंडाशी खडीवर पाणी दिसते, काळा चिकट थर येतो, वास सुटतो, आणि शेवटच्या टोकाचा नळ पिवळा पडतो कारण पाणी तिथवर पोचतच नाही. बहुतेकदा कारण वाफ्यात नसते, टाकीचा गाळ वेळेवर काढलेला नसतो. तेव्हा तो वाफा दहा-पंधरा दिवस बंद ठेवून सुकू द्यायचा आणि सगळे पाणी दुसऱ्यात सोडायचे. वाफे दोन करण्याचे मुख्य कारण हेच. तरीही फरक पडला नाही तर तोंडाची अर्धा मीटर खडी काढून धुवायची.

पावसाळ्यात एका दिवसात १०० मिमी पडला, तर वाफ्यांवरच ६,५०० लिटर पाणी येते, म्हणजे दुप्पट काम. म्हणून कडेने २० सेंटिमीटर उंच बांध हवा, बाहेरचे पाणी आत येता कामा नये. मे महिन्यात उलटी अडचण. मुले घरी असतात, पाणी येत नाही आणि ऊन व नळ मिळून दिवसाला जवळपास ६५० लिटर उडवतात. खडीतली पातळी रोज अडीच सेंटिमीटर खाली जाते. सुट्टीत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांचे थोडे पाणी एकाच वाफ्यात सोडू आणि कर्दळ फक्त त्याच्याच तोंडाशी लावू. बाकी सगळीकडे देवनळ, कारण वरचा पाला सुकला तरी तो कंदातून पुन्हा फुटतो.

बाहेर येणारे पाणी पिण्याचे नाही. मुलांच्या आंघोळीच्या पाण्यात विष्ठेतले जंतू असतात आणि वाफा ते कमी करतो, संपवत नाही. हे पाणी पाइपने झाडांच्या बुंध्याशी, मातीखाली द्यायचे. मेथी, कोथिंबीर, मुळा यांना कधीच नाही.

अंदाजे खर्च असा : खडी ५७,००० रुपये, कागद १६,०००, ग्रीस ट्रॅप व टाकी ४८,०००, पाइप व चेंबर १४,०००, जेसीबी १०,०००. एकूण १,४५,०००. समितीकडे ४०,००० जमा आहेत, १,०५,००० कमी पडतात. एक ब्रास खडी ४,००० रुपयांची. कुणी अर्धा ब्रास दिला तरी चालेल, आणि ज्यांचा ट्रॅक्टर आहे त्यांनी फक्त वाहतूक केली तरी मोठी बचत होईल. शेततळ्याचा उरलेला कागद कुणाकडे असेल तर द्यावा, पण तुकडे जोडायचे झाल्यास वेल्डिंग लागेल, म्हणून एकसंध ७० चौरस मीटरचाच तुकडा कामाचा. वापरलेली गोणपाटे कितीही चालतील.

खोदाई आणि टाकी मार्चमध्ये, कागद आणि खडी एप्रिलमध्ये, आणि लागवड जूनच्या पहिल्या पावसाला. त्यासाठी चौरस मीटरला ४ या हिशोबाने २६० गड्डे हवेत. ओढ्याकाठचा देवनळ खणताना प्रत्येक गड्ड्याला दोन-तीन फुटवे ठेवून वर फूटभर छाटावेत आणि ओल्या गोणत्यात आणावेत. नुसत्या कांड्या आणू नयेत, त्या खडीत क्वचितच धरतात. खडी धुवायला आणि पसरायला रोज पंधरा माणसे, असे तीन रविवार श्रमदान लागेल. घमेली आणि फावडी आपापली आणावीत, जेवण शाळेत.

रोख मदत शाळेच्या कार्यालयात सोमवार ते शनिवार सकाळी ११ ते ५ या वेळेत द्यावी आणि समितीच्या शिक्क्याची पावती घ्यावी. खात्यावर पाठवायची असल्यास खाते क्रमांक कार्यालयातूनच घ्यावा, फोनवर आलेल्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. खडी देणाऱ्यांनी ट्रक पाठवण्याआधी एक दिवस कळवावे, बरणी आणि बादली घेऊन कुणीतरी हजर असेल.

शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती