गणित शिक्षक पदाच्या मुलाखती : निवड समिती सदस्यांसाठी सूचना

सर्व सन्माननीय सदस्यांस,

इयत्ता पाचवी ते सातवीच्या गणित शिक्षकाच्या रिक्त पदासाठी येत्या शनिवारी सकाळी ९.३० वाजता मुख्याध्यापकांच्या दालनात मुलाखती होतील. प्रत्येक उमेदवाराला तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत. प्रत्येक प्रश्नाला ५ गुण आहेत.

दुसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण शिकवण्याची खरी समज तिथेच दिसते : "एका विद्यार्थ्याने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले आहे; आपण काय कराल?" केवळ लसावि काढून बरोबर उत्तर सांगणाऱ्यास २ गुण द्यावेत. मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला हे ओळखणाऱ्यास ३ गुण द्यावेत. २/५ हे तर १/२ पेक्षाही लहान आहे, हे चित्र किंवा कागदाच्या पट्टीने मुलाच्याच लक्षात आणून देणाऱ्यास ५ गुण द्यावेत.

१. गुणांशेजारी उमेदवाराचे प्रत्यक्ष शब्द नोंदवावेत. "छान बोलले" ही नोंद पुरेशी नाही.
२. उमेदवार बाहेर जाताच, आपापसांत चर्चा करण्यापूर्वी, गुण शाईने लिहावेत. आधी चर्चा झाल्यास ज्येष्ठ सदस्याच्या मताकडे सर्वांचे गुण झुकतात.
३. एकाच उत्तराला कोणी ५ व कोणी २ गुण दिले असल्यास लगेच सरासरी काढू नये. दोघांनी नोंदी वाचून दाखवाव्यात. बदललेल्या गुणांपुढे कारण व स्वाक्षरी आवश्यक आहे.

उमेदवार नात्यातील वा परिचयाचा असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे.

सचिव, निवड समिती